बाजाराला हरवणं इतकं दुर्मीळ का?

28 जानेवारी 1986 च्या सकाळी 11 वाजून 38 मिनिटांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून 'चॅलेंजर' हे अवकाशयान झेपावलं आणि 73 सेकंदांत त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. सात अंतराळवीर त्यात गेले. काही मिनिटांतच ही बातमी डाऊ जोन्सच्या वृत्तसेवेवरून शेअर दलालांपर्यंत पोचली आणि न्यूयॉर्क शेअर बाजारात चार कंपन्यांचे शेअर विकायला लोक धावले. रॉकवेलने यान आणि त्याची मुख्य इंजिनं बनवली होती. लॉकहीडकडे जमिनीवरच्या तयारीचं काम होतं. बाहेरची इंधनटाकी मार्टिन मॅरिएटाची होती, तर घन इंधनाचे बूस्टर मॉर्टन थायोकोलचे.

दोष कोणाचा, हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नव्हतं. तरीही थायोकोलच्या शेअरची विक्री इतकी अंगावर आली की 11 वाजून 52 मिनिटांनी त्याचे व्यवहार थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव सहा टक्क्यांच्या आसपास खाली होता आणि दिवसअखेर तो जवळजवळ बारा टक्के उतरला. बाकीच्या तिघांचे भावही आधी घसरले होते, पण दुपारनंतर ते सावरले आणि संध्याकाळपर्यंत त्यांची घट तीन टक्क्यांच्या आसपास राहिली. थोडक्यात, बाजाराने त्याच दिवशी थायोकोलकडे बोट दाखवलं होतं.

अधिकृत उत्तर यायला त्यानंतर अनेक महिने लागले. फेब्रुवारीत चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी बूस्टरच्या सांध्यात वापरल्या जाणाऱ्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि थंडीत त्याची लवचीकता जाते हे दाखवून दिलं. जूनमध्ये आयोगाचा अहवाल आला. थायोकोलच्या बूस्टरचा सांधा निकामी झाला होता.

मायकेल मलोनी आणि हॅरोल्ड मलहेरिन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढे या दिवसाचे व्यवहार मिनिटामिनिटाने तपासले. कंपनीतल्या जाणकारांनी आधीच शेअर विकून टाकले होते का, हेही त्यांनी पाहिलं. तसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मग बाजाराला कळलं कसं? बहुधा कोणा एकाला पूर्ण उत्तर माहीत नसावं. कोणाला बूस्टरच्या बाजूने निघालेली ज्वाळा खटकली असेल, कोणाला थंडीतल्या उड्डाणाबद्दलचे आक्षेप कानावर असतील, तर कोणाला एवढंच ठाऊक असेल की या चौघांत थायोकोलला गमावण्यासारखं सर्वांत जास्त आहे. प्रत्येकाने आपल्याजवळच्या अर्ध्यामुर्ध्या माहितीवर पैसे लावले आणि त्या सगळ्यांची बेरीज भावात उतरली. एका घटनेवरून सिद्धांत सिद्ध होत नाही, हे खरंच. पण 'कार्यक्षम बाजार' म्हणजे काय, हे इतकं लख्ख दाखवणारा दुसरा दिवस सापडणं कठीण आहे.

शिकागो विद्यापीठाचे युजीन फामा यांनी 1970 मध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये लिहिलेल्या लेखाने या कल्पनेला तिचा आजचा आकार दिला. 'एफिशियंट मार्केट हायपोथेसिस' म्हणजेच कार्यक्षम बाजाराचं गृहीतक एका वाक्यात मांडता येतं: उपलब्ध असलेली माहिती शेअरच्या भावात आधीच उतरलेली असते. किती माहिती, यावरून त्याच्या तीन पायऱ्या पडतात. पहिलीत फक्त जुन्या भावांचा इतिहास येतो, म्हणजे आलेख पाहून उद्याचा भाव सांगता येणार नाही. दुसरीत ताळेबंद, तिमाही निकाल, बातम्या अशी सगळी जाहीर माहिती येते. तिसरीत कंपनीच्या आतली गुपितंही भावात उतरलेली असतात असं मानायचं. ही तिसरी पायरी प्रत्यक्षात टिकत नाही. आतल्या माहितीवर चोरून व्यवहार करणाऱ्यांना पैसे मिळतात, म्हणून तर त्याविरुद्ध कायदे करावे लागले. खरा वाद आहे तो दुसऱ्या पायरीबद्दल.

तिच्यामागची यंत्रणा समजायला एक उदाहरण पुरे. समजा एखाद्या कंपनीचा शेअर 500 रुपयांना मिळतो आहे आणि ताळेबंद बारकाईने वाचणाऱ्या एका विश्लेषकाच्या लक्षात येतं की त्याची किंमत 600 असायला हवी. तो खरेदी सुरू करतो. त्याच्या खरेदीनेच भाव 510, 520 असा चढू लागतो. पण तोच ताळेबंद विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, परदेशी गुंतवणूकदार आणि दलाली पेढ्या यांच्या विश्लेषकांपुढेही आहे. त्यांतल्या काहींनी तोच हिशेब त्याच सकाळी केलेला असतो. भाव 600 च्या जवळ पोचेपर्यंत ते थांबत नाहीत. संध्याकाळी वर्तमानपत्र उघडून 'कंपनी चांगली आहे' अशा निष्कर्षाला येणाऱ्या माणसाचा निष्कर्ष बरोबर असतो, पण त्या चांगुलपणाची किंमत त्याला पुरेपूर मोजावी लागते. नफ्यासाठी कंपनी चांगली असणं पुरत नाही, ती इतरांना वाटते त्यापेक्षा चांगली निघावी लागते.

म्हणूनच या गृहीतकाचे समर्थक फंड व्यवस्थापकांना अडाणी समजत नाहीत. त्यांचं म्हणणं याच्या उलट आहे. हुशार आणि मेहनती माणसं इतक्या संख्येने एकमेकांसमोर उभी आहेत की हुशारीचा फायदा एकमेकांत कटून जातो.

हा संशय फामांपेक्षाही जुना आहे. 1929 च्या कोसळणीचा अंदाज बड्या बड्या जाणकारांना आला नाही, हे पाहून आल्फ्रेड काउल्स या अमेरिकी गृहस्थाने गुंतवणूक सल्ला देणाऱ्या 16 संस्थांच्या साडेसात हजारांच्या आसपास शिफारशी गोळा केल्या आणि त्या पाळणाऱ्याचं काय झालं असतं ते मोजलं. 1933 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की सल्ला ऐकणारा सरासरी बाजारापेक्षा वर्षाला सुमारे 1.4 टक्क्यांनी मागे पडला असता. पुढे 1968 मध्ये मायकेल जेन्सन यांनी 1945 ते 1964 या काळातले 115 अमेरिकी म्युच्युअल फंड तपासले. घेतलेल्या जोखमीच्या मानाने जेवढा परतावा मिळायला हवा होता, त्यापेक्षा हे फंड खर्च वजा जाता सरासरीने वर्षाला एक टक्क्याहून थोड्या जास्तच फरकाने मागे पडले होते.

हे असं का व्हावं, याचं सर्वांत सरळ उत्तर विल्यम शार्प यांनी 1991 मध्ये अवघ्या काही पानांत दिलं. त्यासाठी बाजार शहाणा आहे हे मानायचीसुद्धा गरज नाही, शाळेतलं अंकगणित पुरतं. समजा या वर्षी सगळा बाजार 12 टक्क्यांनी वाढला. काही गुंतवणूकदारांनी निवडीच्या भानगडीत न पडता सगळ्या कंपन्यांचे शेअर बाजारात आहेत त्याच प्रमाणात घेऊन ठेवले आहेत. खर्च धरण्याआधी त्यांना 12 टक्के मिळणारच. मग उरलेल्यांना, म्हणजे निवडून शेअर घेणाऱ्या सगळ्यांना मिळून किती मिळणार? तेही 12 टक्केच, कारण पूर्णाची सरासरी 12 आहे आणि एका भागाचीही 12 आहे. निवडणाऱ्यांपैकी एकाने 15 टक्के कमावले, तर ते वरचे 3 टक्के निवडणाऱ्यांमधल्याच दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून आलेले असतात.

आता खर्च वजा करायचा. निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडाला संशोधन नको, रोजची खरेदी-विक्री नको. त्याचा खर्च 0.2 टक्के धरला तर हातात 11.8 टक्के येतात. निवडणाऱ्या फंडाला विश्लेषकांचे पगार, दलाली, वितरकांचं कमिशन हे सगळं भागवायचं असतं. तो खर्च 2 टक्के धरला तर सरासरीने 10 टक्के उरतात. फरक किरकोळ वाटतो. पण एक लाख रुपये वीस वर्षं 10 टक्क्यांनी वाढले तर 6 लाख 73 हजारांच्या आसपास होतात आणि 11.8 टक्क्यांनी वाढले तर 9 लाख 30 हजारांच्या पुढे जातात. अडीच लाखांहून अधिक रक्कम केवळ खर्चात जाते. निवड करणाऱ्या सरासरी फंडाला बाजाराची बरोबरी करायलाही दरवर्षी आधी हा खड्डा भरून काढावा लागतो.

तरी काही जण जिंकतात, वर्षानुवर्षं जिंकतात, त्यांचं काय? इथे नशीब आणि कौशल्य वेगळं करण्याचा प्रश्न येतो आणि तो वाटतो त्यापेक्षा फार अवघड आहे. समजा एक हजार फंड व्यवस्थापक आहेत आणि प्रत्येकाची बाजाराच्या पुढे जाण्याची शक्यता दरवर्षी निव्वळ नाणेफेकीइतकी आहे. पहिल्या वर्षी पाचशे जिंकतील, दुसऱ्या वर्षी त्यांतले अडीचशे. पाचव्या वर्षाअखेर सलग पाच वर्षं जिंकलेले तीसएक जण शिल्लक असतील आणि दहा वर्षांनंतरही एखादा असेल. त्या एकाच्या मुलाखती छापून येतील, त्याची पद्धत अभ्यासली जाईल. कौशल्य मात्र कोणाकडेच नव्हतं, असं आपण सुरुवातीलाच गृहीत धरलं होतं.

अमेरिकेत लेग मेसन या कंपनीचा एक फंड चालवणारे बिल मिलर 1991 ते 2005 अशी सलग पंधरा वर्षं एस अँड पी 500 या निर्देशांकाच्या पुढे राहिले. एखाद्या ठरावीक माणसाला ठरावीक पंधरा वर्षांत हे नाणेफेकीने साधण्याची शक्यता 32,768 मध्ये एक. आकडा ऐकून कौशल्याशिवाय हे शक्यच नाही असं वाटतं. पण मिलर यांचं नाव आधी ठरवून कोणी मोजायला बसलं नव्हतं. हजारो व्यवस्थापक आणि कितीतरी दशकं यांतून सर्वांत लांबलेली मालिका नंतर शोधली गेली, आणि अशा गर्दीत कुठेतरी कोणाची तरी पंधरा वर्षांची मालिका लागण्याची शक्यता बरीच मोठी असते. वर्ष डिसेंबरऐवजी दुसऱ्या महिन्यात संपत असतं तर ही मालिका राहिलीच नसती, हे मिलर यांनीही मोकळेपणाने मान्य केलं होतं. पुढच्या तीन वर्षांत ते बाजाराच्या मागे पडले. 2008 मध्ये निर्देशांक सुमारे 37 टक्के घसरला, तेव्हा त्यांचा फंड सुमारे 55 टक्क्यांनी खाली आला. बँका आणि वित्तसंस्थांचे पडलेले शेअर त्यांनी स्वस्त समजून घेतले होते. त्यांच्या ख्यातीमुळे अखेरच्या वर्षांत फंडात आलेल्या लोकांच्या वाट्याला मालिका आली नाही, घसरण तेवढी आली.

फंडांचा इतिहास वाचताना आणखी एक गोष्ट नजरेआड होते. वाईट चाललेले फंड बंद होतात किंवा दुसऱ्या फंडात मिसळले जातात आणि त्यांचे आकडे यादीतून जातात. दहा वर्षांनी उरलेल्या फंडांचीच सरासरी काढली तर ती फुगलेली दिसते. प्रामाणिक मोजणी करायची तर दहा वर्षांपूर्वी जे फंड होते ते सगळे, मेलेल्यांसकट, हिशेबात घ्यावे लागतात.

एव्हाना वाचकाच्या मनात वॉरन बफे हे नाव आलंच असेल. बफे यांनी स्वतः 1984 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या भाषणात नाणेफेकीच्या या युक्तिवादाला उत्तर दिलं होतं. जिंकणारे देशभर विखुरलेले असते तर नशीब म्हणता आलं असतं, पण बेंजामिन ग्रॅहम यांच्या एकाच तालमीत तयार झालेले इतके जण जिंकतात तेव्हा कारण त्या तालमीत शोधायला हवं, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. मात्र याच बफेंनी 2008 पासून दहा वर्षांसाठी एक पैज लावली. हेज फंडांमध्ये पैसे गुंतवणारे पाच निवडक फंड एका बाजूला आणि एस अँड पी 500 चा साधा इंडेक्स फंड दुसऱ्या बाजूला. 2017 अखेर इंडेक्स फंड एकूण 125.8 टक्के वाढला होता. पाचांतला सर्वांत चांगला 87.7 टक्के वाढला आणि सर्वांत वाईट अवघा 2.8 टक्के. निवड करणारे त्या क्षेत्रातले मुरलेले लोक होते, पण गुंतवणूकदाराला शुल्काचे दोन थर सोसावे लागत होते.

या सगळ्यावरून बाजारातला प्रत्येक भाव योग्यच असतो असा अर्थ काढला, तर मात्र घोटाळा होतो. 2 मार्च 2000 रोजी अमेरिकेतल्या थ्रीकॉम या कंपनीने पाम ही आपली उपकंपनी बाजारात आणली. पाम हातात मावणारे छोटे संगणक बनवत असे आणि इंटरनेटच्या त्या लाटेत तिच्या नावाला सोन्याचा भाव होता. थ्रीकॉमने पामचे पाच टक्क्यांच्या आसपास शेअर विकले आणि उरलेले पुढे आपल्या भागधारकांना वाटण्याचं जाहीर केलं. थ्रीकॉमचा एक शेअर असणाऱ्याला पामचे साधारण दीड शेअर मिळणार होते. म्हणजे थ्रीकॉमचा भाव निदान पामच्या दीडपट तरी हवा. पहिल्या दिवसाअखेर पाम 95 डॉलरवर होता, म्हणून थ्रीकॉम 140 च्या पुढे असायला हवा होता. तो बंद झाला 82 डॉलरच्या जवळ. पाम सोडून थ्रीकॉमचा बाकीचा धंदा नफ्यात होता, तिजोरीत भरपूर रोकड होती, आणि बाजार त्या सगळ्याची किंमत शून्याच्याही खाली, शेअरमागे उणे 60 डॉलरच्या आसपास लावत होता.

हे गणित सोपं होतं आणि ते वर्तमानपत्रांतही छापून आलं. मग सगळ्यांनी थ्रीकॉम घेऊन, पाम उसना आणून विकून पैसा का केला नाही? कारण पामचे शेअर उसने मिळतच नव्हते. बाजारात आलेले शेअर थोडे होते आणि ज्यांना मिळाले ते उसने द्यायला तयार नव्हते. जे मिळत त्यांचं भाडं जबर होतं. काही महिने हा फरक हळूहळू कमी होत गेला. ओवेन लॅमाँट आणि रिचर्ड थेलर यांनी हे प्रकरण तपशिलात मांडलं. थेलर हे गृहीतकाच्या कडव्या टीकाकारांपैकी. त्यांनी एक फरक आग्रहाने मांडला आहे: 'भाव बरोबर असतो' हा एक दावा आणि 'बाजारात फुकट काही मिळत नाही' हा दुसरा. पामच्या दिवशी पहिला दावा साफ पडला. दुसरा जवळजवळ उभा राहिला.

हा फरक समजला की बराच वाद निवळतो. बाजार वेड्यासारखा वागू शकतो. 19 ऑक्टोबर 1987 रोजी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के कोसळला, आणि एका दिवसात अमेरिकी उद्योगांची किंमत इतकी खाली यावी अशी कोणतीही बातमी नव्हती. रॉबर्ट शिलर यांनी 1981 मध्येच दाखवलं होतं की शेअरचे भाव लाभांशाच्या मानाने फार जास्त हेलकावतात. 2013 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल फामा आणि शिलर या दोघांनाही, लार्स हॅन्सन यांच्यासह, विभागून मिळालं. पण भाव चुकला आहे हे कळणं आणि तो कधी, किती सुधारेल हे आधी ओळखून खर्चासकट नफा काढणं, यांत फार मोठं अंतर आहे. 1997 मध्ये ज्याला शेअर महाग वाटले त्याला आपण बरोबर ठरण्यासाठी 2000 पर्यंत थांबावं लागलं, आणि तोवर तो बाजाराच्या मागे राहिला.

शिवाय बाजार शंभर टक्के कार्यक्षम असूच शकत नाही, हे सँफर्ड ग्रॉसमन आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांनी 1980 मध्ये तर्काने दाखवलं. सगळी माहिती भावात फुकट मिळणार असेल तर ती खणून काढण्याचा खर्च कोण करील? आणि कोणीच केला नाही तर ती भावात येईल कुठून? म्हणून खणणाऱ्यांना त्यांच्या कष्टापुरता नफा मिळेल इतकी चूक बाजारात शिल्लक राहते. तो नफा सामान्य गुंतवणूकदारापर्यंत पोचतो का, हा निराळा प्रश्न. गणितज्ञ जिम सायमन्स यांच्या कंपनीच्या मेडॅलियन फंडाने 1988 पासून तीन दशकं जो परतावा मिळवला, तो नशिबाच्या खाती टाकणं अशक्य आहे. पण त्या फंडाचा आकार मुद्दाम मर्यादित ठेवला जातो आणि गेली अनेक वर्षं त्यात बाहेरच्यांचे पैसे घेतलेच जात नाहीत. रक्कम वाढली की आपल्याच खरेदीने भाव हलतो आणि सापडलेली चूक हातची जाते, हे ते चालवणाऱ्यांना नीट ठाऊक आहे.

भारतात हे अंकगणित लागू करताना एक काळजी घ्यावी लागते. शार्प यांची बेरीज सगळ्या निवडणाऱ्यांची आहे, फक्त म्युच्युअल फंडांची नाही. समोरच्या बाजूला टीप ऐकून व्यवहार करणारे लाखो किरकोळ गुंतवणूकदार असतील, तर त्यांच्या तोट्यावर फंडांचा गट बाजाराच्या पुढे राहू शकतो. भारतात बरीच वर्षं अनेक फंड निर्देशांकाच्या पुढे दिसले, त्यामागे हे एक कारण असणं शक्य आहे. दुसरं कारण मोजणीतलं होतं. फंडाच्या परताव्यात कंपन्यांकडून मिळालेला लाभांश धरला जाई, पण तुलनेच्या निर्देशांकात तो नसे. त्यामुळे दरवर्षी टक्का-सव्वा टक्क्याची आघाडी काही न करताच पदरात पडत होती. फेब्रुवारी 2018 पासून सेबीने लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशीच, म्हणजे 'टोटल रिटर्न इंडेक्स'शी तुलना बंधनकारक केली. त्याआधी ऑक्टोबर 2017 मध्ये लार्ज-कॅप फंडांनी निदान 80 टक्के पैसे आकाराने पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवावेत, असाही नियम आला. मोठ्या कंपन्यांचा फंड म्हणवून लहान कंपन्यांच्या तेजीवर पुढे राहण्याची सोय त्यामुळे आटली.

फंडाची जाहिरात हातात आली तर ही तपासणी घरबसल्याही करता येते. तुलना लाभांशासह असलेल्या आणि त्याच आकाराच्या कंपन्यांच्या निर्देशांकाशी आहे का, ते आधी पाहावं. मग परतावा एका सोयीच्या तारखेपासूनचा न घेता, दर महिन्यापासून सुरू होणाऱ्या पाच-पाच वर्षांचा, म्हणजे ज्याला 'रोलिंग रिटर्न' म्हणतात तो पाहावा, म्हणजे मिलर यांच्यासारखी कॅलेंडरवर बेतलेली मालिका लगेच उघडी पडते. त्याच योजनेच्या रेग्युलर आणि डायरेक्ट प्लॅनच्या खर्चातला फरकही शेजारी मांडावा. आणि त्याच कंपनीच्या दहा वर्षांपूर्वीच्या योजनांची यादी मिळवून त्यांतल्या किती आज त्याच नावाने चालू आहेत, हे मोजावं.